शेवटची फेरी, पाच मुलं आणि एक दोर

पत्र: सप्रेम नमस्कार. मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. यंदा शाळांच्या नाट्यस्पर्धेसाठी मीच एकांकिका लिहिली आहे. गावात पूल होतो आणि फेरीबोट बंद पडते, अशी गोष्ट. फेरीवर खलाशी असलेल्या माणसाची मुलगी मुख्य पात्र आहे. तिची आजी एकदा रात्री आजारी पडली, फेरी बंद होती, हॉस्पिटलात पोचायला उशीर झाला आणि ती गेली. म्हणून मुलीला पूल हवा आहे आणि बापाला नको आहे. एकूण सात प्रवेश झालेत : घर, शाळा, बाजार, पंचायत, हॉस्पिटल, पुन्हा घर, शेवटी फेरी. पात्रं चौदा. पण तालमीला येऊ शकतील अशी मुलं पाचच आहेत, तीन मुली आणि दोन मुलगे. नेपथ्याला पैसे नाहीत. वेळ पंचवीस मिनिटं. कुठली पात्रं आणि कुठले प्रवेश काढू?
– एक शिक्षिका, डिचोली

उत्तर:

बाई, नमस्कार. काहीही काढायच्या आधी तुमचा सातवा प्रवेश पुन्हा वाचा. तुमचं नाटक तिथेच आहे. आधीचे सहा प्रवेश ही त्या नाटकाची माहिती आहे, आणि ती माहिती फेरीवर उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडून येऊ शकते. चौदाची पाच पात्रं करायला बसलात तर गोष्ट प्रत्येक कापणीला दुबळी होत जाईल. त्यापेक्षा जिथे मुळातच चार-पाच माणसं असतात आणि जिथे मुळातच सामान नसतं अशा जागी अख्खी गोष्ट नेऊन ठेवा. फेरीबोट तशीच जागा आहे. लोखंडी सपाट तळ, कठडा आणि सभोवती पाणी. रिकामा रंगमंच तिथे उणीव वाटत नाही, बोट तशीच दिसते.

सात प्रवेशांचा दुसराही तोटा आहे. सहा वेळा जागा बदलायची म्हणजे सहा वेळा अंधार. शाळेतली मुलं अंधारात चाचपडत जागा घेतात, त्यात प्रत्येक वेळी पंधरा-वीस सेकंद जातात, म्हणजे एकूण दोनेक मिनिटं प्रेक्षक काळोखाकडे बघत बसतो. स्पर्धा दुपारी असेल आणि हॉलला खिडक्या असतील तर काळोखही होत नाही. मग मुलं बाकं सरकवताना सगळ्यांना दिसतात आणि आधीच्या प्रवेशात जमलेलं सगळं विस्कटतं. तेव्हा एक जागा, एक वेळ, सलग पंचवीस मिनिटं. अंधार फक्त शेवटी, आणि तोही नाही मिळाला तरी चालेल असं लिहा.

फेरीचं पलीकडे जाणं काही मिनिटांचं असतं, तुम्हाला वेळ हवाय जास्त. म्हणून बोट मधोमध बंद पडू द्या. शेवटची फेरी, उद्यापासून पूल सुरू, आणि नदीच्या मध्यावर इंजिन बसतं. आता कोणी उतरून जाऊ शकत नाही. बाप आणि लेक एकमेकांना टाळू शकत नाहीत. लिहिणाऱ्याला एवढा आयता पेच क्वचित मिळतो. इंजिन पहिल्या तीन मिनिटांत बंद पडायला हवं. दहाव्या मिनिटाला पडलं तर आधीची दहा मिनिटं नुसत्या गप्पांची होतात.

आता पात्रं. खलाशी आणि त्याची मुलगी ही दोघं नक्की. तिसरी मासळीवाली, वयाने मोठी, आयुष्यभर याच बोटीने बाजाराला गेलेली. चौथा पंच, पुलासाठी खटपट केलेला. पाचवा (किंवा पाचवी) शेवटच्या फेरीचे फोटो काढायला आलेला कॉलेजातला पोरगा, ज्याला या गावाचं काही माहीत नाही. तो का हवा? कारण गावातली माणसं एकमेकांना माहीत असलेल्या गोष्टी सांगत नाहीत. तुमच्या मूळ संहितेत आई मुलीला म्हणत असेल, ‘तुला माहीत आहेच, तुझे बाबा वीस वर्षं फेरीवर आहेत.’ हे वाक्य प्रेक्षकासाठी आहे, मुलीसाठी नाही, आणि ते ऐकू येतं. परका माणूस विचारतो तेव्हा तेच सांगणं खरं होतं.

बोट चालवणारा मास्टर आणि इंजिनवाला ही दोन माणसं बोटीवर असायलाच हवीत, पण ती दाखवायची गरज नाही. मास्टर वरच्या केबिनमध्ये, इंजिनवाला खाली. त्यांच्याशी खलाशी बोलतो आणि प्रेक्षकाला एकच बाजू ऐकू येते. इथे नवखे लेखक हमखास असं लिहितात :

खलाशी : (खाली वाकून) काय म्हणालास? इंजिन बंद पडलं? आणि दुरुस्तीला अर्धा तास लागेल?

ऐकू न आलेलं प्रत्येक वाक्य खलाशी परत बोलून दाखवतो. कोणी असं बोलत नाही. हे बघा :

खलाशी : काय झालं रे खाली? (ऐकतो) परत? (ऐकतो) सकाळीच सांगितलं होतं तुला. (ऐकतो. प्रवाशांकडे वळतो.) बसून घ्या सगळी.

अर्धा तास हा शब्द कुठेही नाही, तरी ‘बसून घ्या’ म्हटल्यावर कळतं. तालमीत मुलाला इंजिनवाल्याची वाक्यं खरोखर लिहून द्या, पाठ करायला लावा आणि ती मनातल्या मनात म्हणू द्या. नाहीतर तो ‘ऐकतो’ या शब्दाला अर्धा सेकंदही थांबत नाही आणि खाली कोणी नाही हे लगेच उघडं पडतं.

वस्तू एकच घ्या : दोर. काथ्याचा, अंगठ्याएवढा जाड, तीस-पस्तीस फुटांचा. होडीवाल्याकडे किंवा मासेमारी करणाऱ्याकडे मागितला तर मिळेल. नायलॉनचा नको. तो दिव्याखाली चमकतो, वेटोळं धरत नाही आणि जमिनीवर टाकला की स्प्रिंगसारखा उसळतो. नाटक सुरू होतं तेव्हा हा दोर रंगमंचावर तीन बाजूंनी पसरलेला असेल. समोर बारा फूट आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ फूट, मागची बाजू मोकळी. हीच बोट. या दोराबाहेर पाणी, त्यामुळे शेवटच्या मिनिटापर्यंत कोणाचंही पाऊल बाहेर पडता कामा नये. तालमीच्या पहिल्या दिवसापासून दोर जमिनीवर असू द्या. स्पर्धेच्या दिवशी तो पहिल्यांदा आला तर मुलं अडखळणार.

आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. पेडण्याकडे दशावतार बघितला असेल तर आठवा. मंचावर एक बाकडं असतं आणि तेच राजाचं सिंहासन होतं, तेच दुसऱ्या प्रवेशात आणखी काही. नट आधी शब्दांनी आणि अंगाने सांगतो की आपण कुठे आहोत, मग बाकड्याला ते रूप येतं. मुलांना एकदा दशावतार दाखवा आणि बाकड्याकडेच लक्ष ठेवायला सांगा. लिहिताना तुम्हाला हेच करायचं आहे. बोलण्यात जागा आधी यायला हवी आणि ती कामाच्या ओघात यायला हवी. ‘आपण आता फेरीबोटीवर आहोत’ नको. पहिलंच वाक्य मासळीवालीचं असू दे : ‘जरा सरक रे, मासळीची पाटली कठड्याला लावते.’ बोट, कठडा, गर्दी आणि तिचा हक्क, सगळं त्यात आलं.

तिची पाटली मात्र खरी आणू नका. दोर सोडून बाकी सगळं अभिनयाने दाखवायचं : पाटली, मोबाईल, पंचाची फाईल. अर्ध्या वस्तू खऱ्या आणि अर्ध्या हवेतल्या झाल्या तर प्रेक्षक हवेतल्या वस्तू मानायला तयार होत नाही. एखादा मुलगा खरा मोबाईल खिशातून काढतो आणि शेजारची मुलगी हवेतले बांगडे वेचते, हे दृश्य मी स्पर्धांमध्ये वारंवार पाहिलं आहे आणि दर वेळी बांगडे खोटे ठरतात. हवेतल्या वस्तूला तीन गोष्टी लागतात. वजन, आकार आणि ठिकाण. पाटली डोक्यावरून उतरवताना मानेला सैल वाटलं पाहिजे. खाली ठेवली की तिची जागा पक्की झाली, मग पंच तिच्यावरून चालत गेला की नाटक तिथेच फुटलं. तालमीत त्या जागेवर सुरुवातीला खरी टोपली ठेवा, मुलांच्या पायांना ती जागा सवयीची झाली की टोपली काढा.

नदी कुठे आहे? प्रेक्षकांत. बोटीची समोरची कड म्हणजे तुमच्या मंचाची समोरची कड. त्यामुळे मुलं पाण्याकडे बघतात तेव्हा त्यांचे चेहरे आपोआप प्रेक्षकांकडे होतात. ‘प्रेक्षकांकडे तोंड करा’ म्हणून ओरडायची गरज उरत नाही. निघालेला काठ डाव्या विंगेत, पोचायचा काठ उजव्या विंगेत, आणि हे नाटकभर बदलायचं नाही. नवा पूल प्रेक्षकांच्या डोक्यावरून, हॉलच्या मागच्या भिंतीवरच्या एका ठरलेल्या बिंदूवर. पाचही जणांनी त्याच उंचीवर बघायला हवं. एकाने छताकडे आणि दुसऱ्याने पहिल्या रांगेकडे बघितलं तर पूल दिसत नाही. तपासायचं असेल तर तुम्ही त्या बिंदूपाशी जाऊन उभ्या राहा आणि किती डोळे तुमच्याकडे आहेत ते बघा.

इंजिनाचा आवाज मुलांनीच तोंडाने काढायचा, ओठ मिटून, घशातला खालचा हुंकार. लॅपटॉपवरचा आवाज ऐन वेळी दगा देतो आणि त्याला आणखी एक माणूस लागतो. हुंकार पहिल्या वाक्याच्या आधी सुरू व्हावा. बोलणारी दोघं बोलतात, बाकीची तिघं हुंकार धरून ठेवतात. श्वास आळीपाळीने घ्यायला शिकवा, म्हणजे आवाज तुटत नाही. तीन मिनिटांनंतर तो पाचही जणांनी एकाच क्षणी तोडायचा. इंजिन बंद पडल्याचं त्या शांततेतूनच कळेल. सोबत अंगाचा झोका हवा, पण थोडा : बोट सुटताना एकदा, थांबताना एकदा, पुन्हा सुरू होताना एकदा. पंचवीस मिनिटं डोलत राहिलेली मुलं बघवत नाहीत आणि त्यांचे संवादही डोलायला लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हॉस्पिटलचा प्रवेश. तो तुम्हाला जपून ठेवावासा वाटत असेल, कारण आजीचा मृत्यू तिथे आहे. पण शाळकरी मुलगी आजी म्हणून चादरीवर झोपली आणि दुसरी डॉक्टर म्हणून ‘आम्ही खूप प्रयत्न केले’ म्हणाली, की प्रेक्षक त्या मुलींना बघतो, मृत्यूला नाही. तो प्रसंग बोटीवर आणा, आणि तो दोरातूनच येऊ दे. त्या रात्री बोट धक्क्याला बांधलेली होती. कोणी बांधली? रोज खलाशीच बांधतो. म्हणजे मुलीच्या मनात एवढी वर्षं काय असेल? मी असं काही लिहून बघेन :

मुलगी : बाबा, पलीकडे दोर मी टाकू?
खलाशी : हात सोलतील तुझे.
मुलगी : त्या रात्री हाच होता?
खलाशी : कुठच्या रात्री?
मुलगी : तू सोडला नाहीस तो.
(मासळीवाली हातातलं काम थांबवते.)
खलाशी : मास्टर घरी गेलेला. इंजिनवाला घरी गेलेला. एकट्या खलाशाच्यानं बोट हलत नाही गो.
मुलगी : सोडून तरी बघायचास.

बघा, आजी हा शब्दही इथे आलेला नाही. तिचा उल्लेख आधी एकदा, फोटोवाल्याच्या प्रश्नाला मासळीवालीने दिलेल्या उत्तरात येऊन जायला हवा, सहज, वजन न देता : ‘ह्याची आई गेली त्या पावसात’ एवढाच. म्हणजे इथे पोचल्यावर प्रेक्षक स्वतः जोडणी करतो. हा प्रसंग पंधराव्या-सोळाव्या मिनिटाला ठेवा. त्याआधी पुलावरून होणारा वाद फक्त पुलाबद्दल वाटावा.

तो वाद एकतर्फी होऊ देऊ नका. तुमची सहानुभूती मुलीकडे आहे, तेव्हा बापाच्या आणि मासळीवालीच्या बाजूला खरे मुद्दे द्या. गोव्यात तो मुद्दा शोधायला लांब जावं लागत नाही. पणजीला मांडवीवरचा पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला, आणि माणसं पुन्हा फेरीबोटींवर आली. तुमच्या मासळीवालीच्या वयाच्या बाईला तो पावसाळा आठवत असणार. तिने एवढंच म्हणावं : ‘शहाऐंशी साली पूल पडला तेव्हा कोण आलं होतं धावून? हीच बोट.’ पंचाला याचं उत्तर सुचायला एक क्षण लागला पाहिजे. मुलांना घरी आजी-आजोबांना त्या दिवसांबद्दल विचारायला सांगा. त्यातून येणारी वाक्यं तुम्ही आणि मी बसून लिहिण्यापेक्षा चांगली असतील. मासळीवाली मधूनच कोकणीत बोलली तर ते आपल्याकडे खरंच वाटतं. ‘कितें जालें रे?’ किंवा ‘बोट रावली’ एवढं सगळ्यांना कळतं. मात्र भाषेबद्दल स्पर्धेचा नियम काय आहे तो आधी वाचा, आणि कोकणी वाक्यं मोजकीच ठेवा.

पंचाचं भाषण असेल तर ते कापा. तुमच्या पंचायतीच्या प्रवेशात विकासावर एक परिच्छेद नक्की असणार. बंद पडलेल्या बोटीवर कोणी भाषण ऐकून घेत नाही, म्हणून पंचाला पहिल्या दोन वाक्यांनंतर कोणीतरी तोडलंच पाहिजे. शेवटीही कोणी पुलाचे फायदे किंवा परंपरेचं मोल सांगू नये. इंजिन पुन्हा सुरू होतं, हुंकार परत येतो, काठ जवळ येतो. खलाशी समोरचा दोर उचलून वेटोळं करायला लागतो. इथे तुमचा फायदा असा की दोर उचलला की बोटीची कडच नाहीशी होते, वेगळं काही दाखवावं लागत नाही. तो वेटोळं लेकीच्या हातात देतो आणि ती उजव्या विंगेत दोर फेकते. तिथे नाटक संपवा. एकही वाक्य नको. विंगेत दोराचं टोक पकडायला कोणी ठेवू नका, तुमच्याकडे सहावा माणूस नाही. टोक आत पडलं की मुलीने दोर ताणून धरायचा, पलीकडे धक्का आहे असं तिच्या अंगावरून कळतं. दोर फेकणं सोपं नाही, ओला जाड दोर तर मुलींच्या हाताला आवरत नाही. तेव्हा ते रोज तालमीच्या शेवटी करायला लावा, आणि दोर कोरडा ठेवा.

कपड्यांचं थोडक्यात. सगळ्यांचे साधे, एकरंगी, घरचेच. खलाशाच्या खांद्यावर टॉवेल, मासळीवालीचा पदर खोचलेला, पंचाचा शर्ट इस्त्रीचा. मुलाला मिशी चिकटवू नका. तो घामाने ती सावरत बसतो. मोठं वय आवाज जाड करूनही येत नाही, हालचाल कमी केल्याने येतं.

लांबीचा अंदाज असा. शाळेतली मुलं मंचावर, थांबे आणि हालचाली धरून, मिनिटाला साधारण शंभर शब्द बोलतात. पंचवीस मिनिटांची मर्यादा असेल तर वीस-एकवीस मिनिटांचंच लिहा, म्हणजे दोन हजारांच्या आसपास शब्द. हशा, विसरलेलं वाक्य, अडकलेला दोर यांना उरलेली मिनिटं लागतात. घरी खुर्चीत बसून वाचून वेळ लावू नका, तो नेहमी कमी भरतो. मुलांना दोराच्या आत उभं करून, हालचालींसह वाचायला लावा आणि मग घड्याळ बघा. वेळ तिसऱ्या घंटेपासून मोजतात की पहिल्या वाक्यापासून, हे आयोजकांना विचारून घ्या. तुमचा हुंकार वाक्याच्या आधी सुरू होतो, म्हणून हा फरक तुम्हाला लागू पडतो.

पाचच मुलं आहेत, म्हणजे ऐन वेळी एखादं तापाने पडलं तर बदली नाही. त्यासाठी फोटोवाला असा लिहा की त्याच्याशिवाय नाटक उभं राहील. त्याचे प्रश्न पंच विचारू शकेल का, हे प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलीने लिहून ठेवा. पंच बाहेरून येऊन या वॉर्डात निवडून आला आहे असं पहिल्या पानावर एका वाक्यात टाकलंत, तर बरेचसे प्रश्न त्याच्या तोंडीही शोभतील. तशी चार मुलांची एक तालीम स्पर्धेच्या आठवडाभर आधी करून बघा, आणि कुठे अडतं ते कळवा.